न्हाई म्हणा, पण म्हणा

हुमनाबादच्या चनमल्लप्पाच्या जिभेला हाड नव्हतं तोवर सगळं छान चाललं होतं. दसऱ्याला इसार घेताना तो माणूस इतकं गोड बोलला होता, की रुद्रम्माला आपण ऊस गाळायचा चरक भाड्यानं घेतोय की माहेरी आलोय तेच कळेना. "अक्का, बसा. अक्का, चहा घ्या. अक्का, तारीख कशाला घालायची? घरचंच काम आहे. तुमचा ऊस पिकला की चरक तुमच्या बांधावर आला म्हणून समजा." आणि इसाराची पुरचुंडी गल्ल्यात पडली त्या दिवसापासून त्या जिभेला जे कुलूप लागलं, ते माघ उजाडला तरी निघालं नव्हतं.

रुद्रम्मा हळ्ळीखेडची. नवरा लिंगैक्य होऊन बारा वर्षं झाली होती. विहिरीवरचा मळा ती स्वतः बघायची आणि कुणी बघू लागला तर त्यालाही बघून घ्यायची. रझाकारांच्या धामधुमीत अख्खी गल्ली सोलापूरकडं पळाली तेव्हा ही बाई बैलांना सोडून जाईना म्हणून मागंच राहिली होती. असल्या बाईनं "घरचंच काम" या दोन शब्दांवर भुलावं, याचाच तिला स्वतःचा सगळ्यांत जास्त राग यायचा. पण करणार काय? आपल्याकडं माणसानं एकदा अक्का म्हटलं, की तारीख विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. रुद्रम्मानं तारीख विचारली नाही. गावात सांगायला लागली तर लोक तिलाच हसले असते, म्हणून तिनं सांगितलंही नाही.

ऊस मात्र कुणाच्या भिडेत नव्हता. संक्रांतीलाच तो पिकून उभा होता. आता कडेच्या ओळींना तुरे आले होते. तुरा आला की उसाच्या पोटात पोकळी पडायला लागते, रस उतरत जातो, आणि शिवरात्रीनंतरच्या उन्हात तर काही खरं नसतं. गूळ करायला लातुराकडचा गुळव्या सांगून ठेवला होता. त्यानं निरोप धाडला होता, की तुमचा चरक नसेल तर मी दुसरीकडं गुळाचं चुलाण लावतो. रस आटवायची काहील घासून, पालथी घालून गोठ्यात पडली होती. सगळं तयार होतं. चरक तेवढा नव्हता.

"जा रे बिराप्पा," तिनं पहिल्यांदा सांगितलं, "आणि इचारून ये, चरक कधी यायलाय."

बिराप्पा धनगर. त्याची मेंढरं पावसाळ्यानंतर रुद्रम्माच्या शेतात बसायची आणि उरलेल्या वर्षात तो तिच्या मळ्यावर राबायचा. चार शब्द बोलायचे तर दोन गिळायचा, पण पाय भक्कम होते. हुमनाबादला जाऊन तो दिवस मावळायला परतला.

"काय म्हणाला?"

"मालक भालकीला गेलेत म्हणं."

दुसऱ्या खेपेला मालक बिदरला गेले होते. तिसऱ्या खेपेला मालक पूजेला बसले होते, आणि बिराप्पा दुपार कलेपर्यंत ओट्यावर बसला तरी ती पूजा काही उरकेना.

"एवढा येळ लिंगपूजा?" रुद्रम्मा म्हणाली. "लिंग झिजलं असंल त्याचं."

"आतून तपकिरीचा वास येत होता," बिराप्पा म्हणाला, आणि मेंढरांकडं निघून गेला.

तेव्हा रुद्रम्मानं स्वतः जायचं ठरवलं. सकाळच्या मोटारीनं ती हुमनाबादला उतरली आणि सरळ लोखंडाच्या दुकानात शिरली. चनमल्लप्पाला पळायला वाव मिळाला नाही. तो गादीवर होता, कपाळाला विभूती होती, आणि पुढ्यात दोन गिऱ्हाइकं होती. तिला बघताच त्याचा चेहरा असा उजळला, की शेजाऱ्याला वाटावं याची बहीणच आली.

"अरे वा! अक्का! पाणी आणा रे अक्काला."

"पाणी नको. चरक कुठाय?"

"येतोय की."

"येतोय म्हणजे? कुठनं येतोय?"

"वाटेत आहे."

"कोणत्या वाटेत? भालकीच्या, बिदरच्या, का सोलापूरच्या? गाडी निघाली असंल तर कोणत्या दिवशी निघाली? बैल तुमचे का भाड्याचे? गाडीवानाचं नाव काय?"

चनमल्लप्पा हसला. गिऱ्हाइकांकडं बघून हसला. "बघा, आमची अक्का. तसिलदारासारखं इचारायलीय."

"तसिलदार असते तर खाली बसवून इचारलं असतं. मला एक वार सांगा. सोमवार म्हणा, बुधवार म्हणा. न्हाई जमत तर न्हाई म्हणा. मी कसंबी माझं बघते. पण काहीतरी म्हणा."

"आता चरकाच्या लोखंडी लाटांना खाचा पाडायला टाकल्यात," चनमल्लप्पा म्हणाला. "लाटा गुळगुळीत झाल्या की ऊस धरत न्हाईत, रस अर्धा चिपाडातच राहतो. तुमच्याच भल्याचं करायलोय."

"आत्ता तर वाटेत होता."

"लाटा वाटेत आहेत."

गिऱ्हाइकं उठून गेली. तेव्हा चनमल्लप्पा थोडा पुढं सरकला आणि आवाजात साखर घालून म्हणाला, "अक्का, बाईमाणसानं गुऱ्हाळाची उस्तवार कशाला करायची? चुलाणापाशी बसा, गुळव्याशी भांडा. त्यापेक्षा उभा ऊस मला द्या. आहे तसा. माणसं माझी, तोड माझी. तुम्ही घरी बसून पैसे मोजा."

"काय भाव?"

त्यानं भाव सांगितला. तो ऐकून रुद्रम्माला पहिल्यांदा त्या माणसाचं मौन समजलं. इतके दिवस तिला वाटत होतं, हा विसरभोळा आहे, गबाळा आहे, लाजतोय. पण तो विसरला नव्हता की गबाळा नव्हता. तो उसाला तुरा यायची वाट बघत होता. तिच्या अंगाची नुसती लाही झाली.

"ऊस जाळीन," ती म्हणाली, "पण तुला देणार न्हाई."

"तुम्ही रागात आहात," चनमल्लप्पा म्हणाला, आणि वही उघडून लिहायला लागला. कान बंद, तोंड बंद, गोड हसू मात्र चालू. याच्यापुढं शिवी देणारा परवडला.

दुकानाबाहेर आल्यावर ती उन्हात उभी राहून विचार करू लागली. चरक काही एकट्या चनमल्लप्पाकडं नव्हता. चिटगुप्प्याला हावगेप्पाकडंही होता, आणि माणूस व्यवहाराला सरळ म्हणून नाव होतं. ती तशीच चिटगुप्प्याला गेली. हावगेप्पानं ऐकून घेतलं, मान हलवली, मांडवाखाली उभा असलेला चरक दाखवलासुद्धा. तीन उभ्या लाटा, वर आडवं जू लावायची जागा, सगळं तेल लावून तयार.

"मग पाठवा की उद्या."

"चनमल्लप्पानं सोड दिली का?"

इथं रुद्रम्मा अडली. ह्या भागातल्या चरकवाल्यांचा हा रिवाज तिलाही माहीत होता, पण त्याचा फास आपल्या गळ्यात पडेल असं वाटलं नव्हतं. एकाकडं इसार दिलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्यानं चरक द्यायचा नाही. आधीच्यानं चार माणसांत तोंडानं 'सोडलं' म्हणावं लागतं. नाहीतर शेतकरी दोघातिघांकडं इसार ठेवायचे आणि ज्याचा चरक आधी येईल तो घ्यायचे, म्हणून म्हाताऱ्या चरकवाल्यांनी हा कायदा घालून दिलेला. आणि त्याला एक शेपूट होतं. गिऱ्हाईक स्वतः माघारी फिरलं तर इसार बुडाला. चरकवाला फिरला तर त्यानं इसार परत द्यायचा.

"मी सोडते म्हणते की! माझा इसार बुडाला तर बुडाला."

"तुम्ही म्हणून काय उपयोग? सोडायचा हक्क त्याचा. तो म्हणू दे."

"तो तर तोंडच उघडंना!"

"तेच तर त्याचं शहाणपण," हावगेप्पा म्हणाला. त्यालाही हे आवडत नव्हतं, पण आवडत नव्हतं म्हणून रिवाज मोडायला तो काही तयार नव्हता. "न्हाई म्हणला तर इसार द्यावा लागतो अन् गिऱ्हाईक जातं. व्हय म्हणला तर चरक द्यावा लागतो. मुका राहिला तर दोन्ही त्याच्याकडंच राहतंय. तुम्ही अडकलात, अक्का. त्याच्याकडनं एक शब्द काढून आणा, मी चरक देतो. मला घेऊन चला वाटल्यास. माझ्या कानांनी ऐकतो."

हळ्ळीखेडला परत आली तेव्हा तिला मठात शिवय्या स्वामी भेटले. इसार दिला तो चनमल्लप्पाच्या दुकानात, पण ह्याच स्वामींच्या समोर. चनमल्लप्पाचे आणि रुद्रम्माचे दोघांचेही ते गुरू. दोघांच्याही घरी पादपूजेला तेच जायचे, आणि दोघांच्याही घरची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, त्यांना सारखीच गोड लागायची.

"स्वामी, तुम्ही मध्ये होता. त्याला इचारा."

शिवय्या स्वामींनी डोळे मिटून घेतले. "रुद्रम्मा, मी व्यवहारात पडत न्हाई."

"इसार घेताना बसला होता तेव्हा काय होतं?"

"तेव्हा तुम्ही दोघं खुशीत होता."

"म्हणजे खुशी असली की स्वामी, अन् भांडण लागलं की संन्यासी?"

"शिवशिव," स्वामी म्हणाले, आणि आत गेले. कानावर हात ठेवणं हेही एक व्रत आहे, आणि ते स्वामींना चांगलं पाळता यायचं.

त्या आठवड्यात बिराप्पा न बोलावता तिच्या ओट्यावर येऊन बसला. न बोलावता आला म्हणजे काहीतरी होतं.

"अक्का, चनमल्लप्पाच्या चरकाच्या एका लाटेचं वरचं तोंड तुटकं हाय न्हवं? पत्र्याची पट्टी मारल्याली?"

"व्हय. इसार देताना मीच बघितलेली. कामून?"

"आमचा मेव्हणा भालकीकडं मेंढरं घेऊन बसलाय. तिथल्या देशमुखाच्या मळ्यात फिरायलाय त्यो चरक. संक्रांतीपासनं. शिवरात्र झाल्याबिगर देशमुख सोडत न्हाई म्हणं. चिपाडं खायाला मेंढरं तिथंच जात्यात, म्हणून दिसलं."

म्हणजे तिचा चरक वाटेत नव्हता, खाचा पाडायला नव्हता. ज्यानं जास्त भाडं दिलं त्याच्या मळ्यात तो संक्रांतीलाच गेला होता. आता 'होय' तिला मिळणार नव्हतंच. चनमल्लप्पाकडं द्यायला चरकच नव्हता. त्याच्याकडून काढायची होती ती फक्त 'न्हाई'. आणि तीही शिवरात्रीच्या आत. आयुष्यात तिनं 'न्हाई' ऐकायला कधी एवढी धडपड केली नव्हती. लोक 'न्हाई' ऐकू येऊ नये म्हणून नवस बोलतात.

"देशमुखाच्या मळ्यात जाऊन काढून आणू का?" बिराप्पानं विचारलं. त्याचा हात काठीकडं गेला होता.

"मार खाशील. मला चरक नको, त्याचं तोंड पाहिजे. त्यो तोंड कधी मिटू शकत न्हाई ते सांग."

बिराप्पानं डोकं खाजवलं. "जेवताना," तो म्हणाला.

बोलून गेला तो सहज. पण रुद्रम्मा उठून उभी राहिली. चनमल्लप्पाच्या वडिलांच्या पुण्यतिथीची गणाराधना येत्या सोमवारी होती, सगळ्या लिंगायत घरांना आवतण होतं, तिच्याही घरी निरोप आला होता. इसार गिळून बसला तरी आवतणाला मात्र तो माणूस चुकला नव्हता. वडिलांच्या नावानं जंगमांची पादपूजा व्हायची, त्यांना पहिलं वाढायचं, आणि स्वामींनी घास उचलल्याशिवाय पंगतीत कुणी घास उचलायचा नाही. यजमानानं तर पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

सोमवारी चनमल्लप्पाच्या अंगणात मांडव होता. पुरुषांची ओळ एकीकडं, बायकांची एकीकडं, मधे स्वामींचा पाट. रुद्रम्मानं चिटगुप्प्याला निरोप धाडून हावगेप्पालाही यायला लावलं होतं. त्याला आवतण होतंच, चरकवाले एकमेकांच्या घरी जातात. तो पुरुषांच्या ओळीत बसला होता आणि तिच्याकडं बघायचं टाळत होता. बिराप्पा मांडवाबाहेर, गाड्यांपाशी.

पादपूजा झाली. चनमल्लप्पानं स्वतः स्वामींचे पाय धुतले, पादोदक डोळ्यांना लावलं. त्याच्या बायकोनं, मल्लव्वानं, पत्रावळीवर हुग्गी वाढली, वर तूप सोडलं. भात, सार, वांग्याची भाजी, भरडा. स्वामींनी लिंग तळहातावर घेतलं, नैवेद्य दाखवला, आणि हात पत्रावळीकडं नेला.

"स्वामी, थांबा," रुद्रम्मा म्हणाली.

पंगतीतल्या बायकांनी तिचा पदर ओढला. ती उभी राहिली होती. स्वामींचा हात हुग्गीच्या वर तसाच राहिला.

"ह्या घरच्या यजमानानं दसऱ्याला माझ्याकडनं चरकाचा इसार घेतला. स्वामी, तुमच्यासमोर घेतला. घेतला का न्हाई?"

"अक्का, जेवून घ्या," चनमल्लप्पा पुढं झाला. "मग आपण निवांत..."

"मी स्वामींना इचारायलेय. घेतला का न्हाई?"

शिवय्या स्वामींनी एकवार हुग्गीकडं बघितलं, एकवार मांडवाकडं. पन्नास माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मठात डोळे मिटता येतात, पंगतीत नाही मिटता येत.

"घेतला," स्वामी म्हणाले.

"मग ह्या माणसानं मला सांगावं, चरक कधी येणार. वार सांगावा. येणार नसंल तर सोडलं म्हणावं. तेवढं कळेपर्यंत, स्वामी, ह्या घरचा घास तुमच्या घशाखाली कसा उतरायलाय ते मला बघायचंय."

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. स्वामींचा हात पत्रावळीवरून सरकला आणि मांडीवर येऊन बसला. त्यात त्यांची नीती किती आणि भीती किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण हात मांडीवर आला, आणि त्याबरोबर पन्नास हात थांबले.

चनमल्लप्पाचं हसू तसंच होतं, पण आता ते तोंडावर टांगल्यासारखं दिसत होतं. "अक्का, आज वडिलांचा दिवस आहे. असल्या जागी..."

"तुमच्या दुकानात इचारलं. माणूस तीन खेपा धाडला. पूजा चालू होती, भालकी चालू होती. आता घरात हाय, समोर हाय. वार सांगा."

"लवकरच येतोय."

"लवकर हा वार न्हाई. सोमवार, मंगळवार, बुधवार. ह्यातला एक सांगा."

"लाटांचं काम..."

"लाटा भालकीच्या देशमुखाच्या मळ्यात फिरायल्यात. तुटक्या तोंडाची एक हाय, पट्टी मारल्याली. तिच्याखालची चिपाडं धनगरांची मेंढरं खायलीत. सांगा, न्हाई म्हणा."

पुरुषांच्या ओळीत कुजबुज झाली. चनमल्लप्पाचं तोंड लाल झालं. लबाडी पकडली जाण्याचं त्याला काही नव्हतं, व्यापारात ते चालतं. पण आपलं गुपित मेंढरांनी फोडावं, ह्याचा त्याला अपमान वाटला असावा.

"तुमच्या घरी रीत हाय का न्हाई?" तो ओरडला. "बाईमाणूस पंगतीत उभं राहून..."

"रीत असती तर मी तारीख घेतली असती. रीत न्हाई म्हणूनच अक्का म्हणल्यावर भुलले. आता ओरडू नका. एक शब्द बोला."

पुन्हा गप्प. इथंही गप्प! रुद्रम्माला वाटलं, ह्या माणसाला मांडवासकट उचलून विहिरीत घालावं. तुपाचा थर हुग्गीवर गोठायला लागला होता. क्षणभर तिच्या मनात आलं, की हा असाच उभा राहील, लोक कंटाळतील, कुणीतरी म्हातारा उठून म्हणेल रुद्रम्मा बस आता, आणि स्वामी सुटल्यासारखा घास घेतील. मग संपलं. मग उसाला पेटवून द्यायचं तेवढं उरलं.

तेवढ्यात मल्लव्वा हातातलं तुपाचं भांडं घेऊन नवऱ्याजवळ गेली. सासरा जाईपर्यंत सहा वर्षं तिनंच त्याचं अंथरूण धुतलं होतं. ती हळू बोलली, पण मांडवात इतकी शांतता होती, की सगळ्यांना ऐकू गेलं.

"मामांचा नैवेद्य अडकलाय. चरक न्हाईच तुमच्याकडं, तर सोडून द्या की तिला. का त्यांना उपाशी ठेवताय?"

"तू आत जा!"

"तुम्ही बोला, मग जाते."

आणि चनमल्लप्पा फुटला. रुद्रम्मावर फुटला की बायकोवर, ते कळायला मार्ग नव्हता. "न्हाई देत! जा! न्हाई देत चरक! सोडलं! सोडलं तुला, अन् तुझ्या उसाला! कोण देतंय बघू! जेवा आता, सगळे जेवा!"

रुद्रम्मानं डोळे मिटले. शिव्या खाऊन एवढं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

"ऐकलं?" तिनं विचारलं. "हावगेप्पा अण्णा, ऐकलं का?"

चनमल्लप्पानं गर्रकन मान वळवली. हावगेप्पाला त्यानं बघितलं होतं, पण तो कशाला आलाय हे आता बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू शेवटी उतरलं. आपण रागाच्या भरात तिला मारलं नाही, मोकळं केलं, हे त्याला कळलं तेव्हा शब्द मांडवाबाहेर गेला होता.

"ऐकलं," हावगेप्पा म्हणाला.

"मग माझा इसार," रुद्रम्मा म्हणाली.

मल्लव्वा नवऱ्याचं तोंड बघत थांबली नाही. आत गेली आणि दसऱ्याला दिलेली तीच पुरचुंडी, तीच गाठ, घेऊन बाहेर आली. गाठ सोडलेलीसुद्धा नव्हती. तिनं ती रुद्रम्माच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आता बस, अक्का." ह्या घरात अक्का हा शब्द पहिल्यांदाच फुकट आला होता. रुद्रम्माला भरून आलं आणि ते दाखवायला वेळ नव्हता म्हणून तिला रागही आला.

मांडवात लोक हलले, पत्रावळी सारख्या केल्या. स्वामींनी सुटकेचा श्वास टाकला, लिंगाला पुन्हा हात जोडले, आणि बोटं हुग्गीकडं वळली. हावगेप्पानं हात पुढं केला, पुरचुंडीसाठी. तो आता खुशीत होता. गिऱ्हाईक मिळालं होतं आणि रिवाजही राहिला होता.

"काळजी करू नका, अक्का," तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता तुम्ही आमच्या. घरचंच काम समजा. चरक लवकरच तुमच्या बांधावर."

रुद्रम्माचा पुरचुंडी धरलेला हात मागं आला.

"स्वामी," ती म्हणाली, "हात मांडीवरच ठेवा."

स्वामींचा हात जागच्या जागी थांबला. एवढा वेळ कसाबसा तग धरलेला कुणी म्हातारा ओळीच्या टोकाला हताशपणे "शिवा शिवा" म्हणाला. हावगेप्पाचं हसू थिजलं.

"वार सांगा, अण्णा," रुद्रम्मा म्हणाली. "कोणत्या वारी निघणार, कोणत्या वारी पोचणार, अन् गाडीवानाचं नाव."

हावगेप्पानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पन्नास उपाशी तोंडं त्याच्याकडं वळली होती, आणि त्यातलं सगळ्यांत रागावलेलं तोंड स्वामींचं होतं.

"बुधवारी निघंल," तो म्हणाला. "बेस्तरवारी दिवस उगवायला तुमच्या मळ्यात. गाडीवान आमचा सिद्धाप्पा."

"बिराप्पा!" रुद्रम्मानं मांडवाबाहेर हाक मारली. "ऐकलं का? बेस्तरवार. सिद्धाप्पा."

"ऐकलं," बाहेरून आवाज आला.

मग तिनं पुरचुंडी हावगेप्पाच्या हातात ठेवली, आपल्या जागेवर बसली आणि पदर सारखा केला. "जेवा, स्वामी," ती म्हणाली. स्वामी जेवले. मल्लव्वा ओळीतून फिरत आली तेव्हा रुद्रम्मानं पत्रावळ पुढं केली आणि थंडगार झालेली हुग्गी दोनदा मागून घेतली.